झिजलेलं जुनं आणि मागं पडलेलं जुनं

प्रश्न: मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावा, पायथन आणि पुढे अँड्रॉइड स्टुडिओ यासाठी तिला घरी पीसी हवाय. माझ्याजवळ 26 हजार आहेत. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहेत. तीन ठिकाणी विचारलं. मोबाईलवरच्या जाहिरातीत ‘ब्रँड न्यू i7, 16 जीबी, एसएसडी, लाइटवाला कॅबिनेट’ 15,500 ला, मुंबईहून पार्सल. पुण्यात भाच्याच्या ओळखीच्या दुकानात ऑफिसमधून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स 7060 टॉवर, i5-8500, 8 जीबी, 256 ची एसएसडी, 14,000 ला, महिनाभर टेस्टिंग वॉरंटी. आमच्या इथल्या दुकानदारानं सगळं नवं, रायझन 5 5600G वर, 34,000 चं कोटेशन दिलंय. धाकटा म्हणतो आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड जुनं सहा हजारांत मिळतंय, तेही घेऊन टाका. जुनं घेऊन फसायची भीती वाटते, नवं परवडत नाही. काय करू?
— एक वडील, कराड

नमस्कार,

जाहिरातवाल्याला आधी एकच प्रश्न पाठवा: i7 ठीक, पण कितवा? पूर्ण नंबर लिहून कळवा. उत्तराला थोडा वेळ लागेल आणि बहुधा i7-2600 किंवा i7-3770 असं काहीतरी येईल. इंटेलच्या या नंबरांत i7 नंतर जो आकडा सुरू होतो तो पिढी सांगतो. 2600 म्हणजे दुसरी पिढी, 2011 सालची. 3770 म्हणजे तिसरी, 2012 ची. भाच्यानं पाहिलेला i5-8500 आठव्या पिढीचा, 2018 चा. नावात 5 असला तरी तो त्या i7 ला सहज मागं टाकतो. 2011-12 चे हे प्रोसेसर इंटेल कधीच बनवायचं थांबली. त्यामुळे ‘ब्रँड न्यू’ म्हणून येणारा प्रोसेसर हा कुठल्यातरी जुन्या ऑफिस पीसीतून काढून, पुसून लावलेला असतो. त्याच्याभोवती नवं काय असतं? बिननावाचा नवा एच61 बोर्ड, बिननावाची नवी एसएसडी, आणि लाइटच्या कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट येणारा, पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस. म्हणजे तुमची ‘नवी’ निवडसुद्धा खरं तर सेकंडहँडच आहे, फक्त खोका नवा आहे. आणि ती पार्सलनं येणार, म्हणजे हात लावून बघायची सोयही नाही. ती यादीतून काढून टाका.

या जाहिरातीवरून माझा मुद्दा मांडायला सोपं जातं. कॉम्प्युटरच्या सामानात जुनेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक झिजल्यामुळे आलेला, दुसरा काळ पुढं गेल्यामुळे आलेला. भाव करताना दुकानदार दोन्हींना ‘जुनं’ या एकाच शब्दात गुंडाळतो. आपण ते वेगळे काढायचे.

प्रोसेसर जवळपास झिजत नाही. त्याच्यात हलणारं काही नाही. ऑफिसात सात वर्षं टॅली आणि एक्सेल चालवलेला प्रोसेसर आज चालू असेल तर पुढची काही वर्षंही चालेल. बिघडलेला असेल तर बहुतेक वेळा पीसी चालूच होत नाही, म्हणजे दुकानातच कळतं. तो मागं मात्र पडतो. रॅमचंही तसंच. एसएमपीएसचं नेमकं उलट. 450 वॉट कालही 450 होते, आजही आहेत, पण आतले कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातात. बाहेरून काही दिसत नाही, पंखा फिरतो, पीसी चालतो, आणि एक दिवस व्होल्टेज हाताबाहेर जाऊन सोबत बोर्डही घेऊन जातो. मी एकदा चारशे रुपयांत जुना एसएमपीएस घेतला होता. दुकानाचं नाव सांगत नाही, तसंही तिथं पाटी नव्हती. सव्वा महिना सुरळीत चालला. मग एका संध्याकाळी ‘टक्’ असा बारीक आवाज आला, खोलीत जळक्या माशासारखा वास पसरला, आणि साडेपाच हजारांचा बोर्ड मेला. चारशे वाचवले होते, त्याचं हे बिल आलं.

तेव्हा माझा ठोकताळा असा झाला: ज्याचा दोष अर्ध्या तासाच्या तपासणीत उघडा पडतो ते जुनं घ्यायला हरकत नाही. ज्याचा दोष लपून राहतो आणि जाताना दुसऱ्याला घेऊन जातो ते नवंच घ्यायचं. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट पहिल्या गटात. एसएमपीएस आणि तुमचा डेटा जिच्यात राहतो ती एसएसडी दुसऱ्या गटात. सुटा जुना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांच्या मधे.

आता पुण्याचा ऑप्टिप्लेक्स. ऑफिसमधून निघालेली यंत्रं बाजारात एवढी का आलीत हे माहीत असलं की भाव समजतो. कंपन्या तीन-पाच वर्षांच्या लीजवर किंवा वॉरंटीवर शेकड्यानं पीसी घेतात आणि मुदत संपली की लॉटनं काढून टाकतात. त्यात विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलमध्ये विंडोज 11 ची अधिकृत परवानगी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं (डेलमध्ये ऑप्टिप्लेक्स 3050, 5050, 7050) एकदम स्वस्त दिसतील. दुकानात गेल्यावर ‘दोन हजार कमी करतो, हा 7050 घ्या, सेमच आहे’ असं कोणी म्हणालं तर भुलू नका. दिसायला भावंडं आहेत, पण 7060 मध्ये आठवी पिढी बसते. i5-8500 ला सहा कोर आहेत, i5-6500 आणि i5-7500 ला चारच. अँड्रॉइड स्टुडिओसाठी तो फरक रोज जाणवेल. ‘मागं पडणं’ म्हणतात ते हे, आणि ही रेषा कुठं आहे ते मायक्रोसॉफ्टनंच आखून दिलंय. तुमचा सौदा रेषेच्या बरोब्बर अलीकडचा आहे. म्हणून मी पुण्याच्या बाजूनं आहे.

एसएमपीएस नवाच घ्या म्हणालो आणि या डेलमध्ये तर जुनाच आहे. इथं माझा नियम मी मोडतोय, त्याला कारण आहे. मोठ्या ब्रँडच्या ऑफिस पीसीतला एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असतो आणि या टॉवरमध्ये तो साधारण 260 वॉटचा येतो. 65 वॉटचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे त्याच्यावर निम्म्याहून कमी भार. मात्र हे लक्षात असू द्या की याचे प्लग डेलच्या स्वतःच्या पद्धतीचे आहेत. उद्या तो गेला तर कराडच्या दुकानातला कुठलाही एसएमपीएस आणून बसवता येणार नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागेल. बोर्ड आणि कॅबिनेटचंही असंच. ऑफिस पीसी घेणं म्हणजे अख्खं यंत्र घेणं. पुढे एकेक भाग बदलत नेऊ, असं मनात असेल तर हा रस्ता नाही.

पुण्याला स्वतः जा किंवा भाच्याला पाठवा, आणि दुकानात तासभर काढायची तयारी ठेवा. दुकानदार घाई करत असेल तर ‘चहा घेऊन येतो, मशीन चालू ठेवा’ म्हणावं. चालू राहिलेल्या मशीनचा उपयोगच होतो.

आधी कॅबिनेटवरचं छोटं स्टिकर बघा. त्यावर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की यंत्र कधी पाठवलं आणि फॅक्टरीतून निघताना त्यात काय काय होतं ते कळतं. मग मशीन चालू करून विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा आणि हे टाईप करा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

जो नंबर येईल तो स्टिकरवरच्या टॅगशी जुळायला हवा. जुळला नाही तर कॅबिनेट एकाचं आणि बोर्ड दुसऱ्याचा आहे. तसा पीसी चालतोही, पण त्या बोर्डाच्या आयुष्यात काय झालं हे सांगणारा कागद हरवलेला असतो. मी तरी तिथंच ‘दुसरा दाखवा’ म्हणतो.

पुढे टास्क मॅनेजर, Performance मध्ये CPU. वर प्रोसेसरचं नाव i5-8500 असंच हवं, i3-8100 नको. खाली Virtualization समोर Enabled आहे का पाहा. अँड्रॉइडचा एम्युलेटर याच्यावर चालतो. Disabled असेल तर ते बायोसमध्ये सुरू करता येतं, पण त्यासाठी बायोस उघडला पाहिजे. म्हणून रीस्टार्ट करून F2 दाबा. तिथं पासवर्ड मागितला तर तो जुन्या कंपनीनं टाकलेला आहे, आणि दुकानदारानं तुमच्यासमोर काढून दिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ‘घरी गेल्यावर सांगतो कसा काढायचा’ हे वाक्य ऐकून घेऊ नका. चालू होताना तारीख-वेळ चुकलेली दिसली तर घाबरू नका, बोर्डवरचा बटणासारखा सीआर2032 सेल संपलाय, तो किरकोळ किमतीत मिळतो. भाव करताना मात्र जरूर दाखवा.

शेवटी पुन्हा रीस्टार्ट करून F12, मग Diagnostics. डेलची ही अंगची तपासणी आहे, पंखा, रॅम, डिस्क सगळं तपासते, वेळ खाते. ती चालू असताना हात मागच्या जाळीपाशी धरा. कोमट हवा आली पाहिजे, वास येता कामा नये. पंखा एकसारखा गुरगुरला तर चालेल, पण मधेच खर्रर्र करून थांबत असेल तर नाही.

एसएसडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. या यंत्रांत कंपनीची मूळ डिस्क बहुधा काढलेली असते आणि दुकानदार हाताला लागेल ती स्वस्तातली घालून देतो. CrystalDiskInfo नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं तर Power On Hours आणि Total Host Writes दिसतात. पण हे आकडे काही डिस्कवर पुसून शून्य करता येतात, त्यामुळे ‘फक्त 12 तास वापरलेली’ हे बघून खूष होऊ नका. वाईट आकडा खरा असतो, चांगला आकडा खरा असेलच असं नाही. तुम्ही 500 जीबीची नावाजलेल्या कंपनीची नवी एनव्हीएमई एसएसडी बिलासह घ्या. 7060 च्या बोर्डवर त्यासाठी एम.2 ची जागा आहे. विंडोज तिच्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह करून कोरं टाका. दुकानदारानं टाकलेल्या विंडोजमध्ये काय काय आहे ते त्यालाच माहीत. जुनी 256 फेकायची नाही, मुलीला प्रॅक्टिकलच्या फायलींची दुसरी प्रत ठेवायला कामाची आहे.

रॅम मात्र जुनीच घ्या. 8 जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवणं म्हणजे एसटीच्या शेवटच्या गाडीत चढणं. 16 हवेत. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे जुन्या कांडीचाही भाव कदाचित दुपटीनं सांगतील. त्याच दुकानातून आणखी एक 8 जीबी डीडीआर4 घ्या आणि तिथंच बसवून ती F12 वाली तपासणी करा. एक गोष्ट डोळ्यांनी बघायची. रॅमच्या स्टिकरवर PC4-2666V-UB1 असा काहीसा कोड असतो. दुसऱ्या आडव्या रेघेनंतरचं अक्षर U हवं. R असेल तर ती सर्व्हरची रॅम आहे, स्वस्त मिळते, दिसायला तशीच असते, आणि या बोर्डवर चालत नाही. S असेल तर लॅपटॉपची, ती आकारानंच आखूड असते, बसणारच नाही. R ची गंमत ही की ती खाचेत बसते, मशीन मात्र चालू होत नाही. मग घरी पोचल्यावर आपण बोर्डाला शिव्या घालतो.

आता धाकट्याचं आरएक्स 580. त्याला समजावून सांगायला हे कामी येईल. एका काळी इथेरियम हे चलन ग्राफिक्स कार्डांवर ‘खणलं’ जायचं. सप्टेंबर 2022 मध्ये ती पद्धत बंद झाली आणि महिनोन्‌महिने दिवसरात्र चाललेली कार्डं जगभर बाजारात ओतली गेली. आरएक्स 580 त्यातलं लाडकं कार्ड. खाणकामाच्या कार्डाचं प्रत्येक वेळी वाटोळंच झालेलं असतं असं नाही. चिप बऱ्याचदा ठीक असते, पण पंखे झिजलेले, मेमरीजवळचे उष्णता वाहणारे पॅड सुकलेले, आणि कधी कधी बायोस बदललेलं. दुकानात दहा मिनिटं मस्त चालतं, घरी तासाभरानं स्क्रीन काळी. शिवाय 580 या नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. खऱ्या 580 मध्ये 2304 शेडर असतात. 2048SP म्हणून येणाऱ्यात 2048, म्हणजे ते मुळात 570. GPU-Z उघडून Shaders चा आकडा पाहिला की लगेच कळतं. मेमरी दोन्हींत 8 जीबी असू शकते, त्यामुळे 8 जीबी हा पुरावा नव्हे.

पण तुमच्या बाबतीत हा सगळा विचार करायचीही गरज नाही. हे कार्ड एकटंच 185 वॉट खातं आणि त्याला 8 पिनची वेगळी वायर लागते. ऑप्टिप्लेक्सच्या 260 वॉटच्या एसएमपीएसमधून ती वायर निघतही नाही आणि त्याला तेवढं झेपणारही नाही. बाजारात त्यावर जोडवायरीचे जुगाड मिळतात. ते घरात आणू नका. मुलीच्या अभ्यासाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. पुढे धाकट्याची पैशांची सोय झाली तर जीटीएक्स 1650 चं असं मॉडेल बघा ज्याला वेगळी वायर लागत नाही, जे 75 वॉटमध्ये बोर्डवरच्या खाचेतूनच वीज घेतं. सगळ्या 1650 तशा नसतात, काहींना 6 पिन लागते. कार्डाची वरची कड बघून घ्यायची.

हिशेब मांडू. मशीन 14,000. जुनी रॅम साधारण 3,000, नवी एसएसडी साधारण 5,000. या दोन्हींचे भाव हलताहेत, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. वायर, कन्व्हर्टर, वायफायचा यूएसबी डोंगल मिळून हजार (ऑफिसचे पीसी बहुधा लॅनच्या केबलवर चालतात, वायफाय असेलच असं धरू नका). झाले 23,000. उरलेले 3,000 खर्च करू नका. टेस्टिंग वॉरंटी महिन्यानं संपते, त्यानंतर एसएमपीएस गेला तर हीच तुमची वॉरंटी. 26 च्या बजेटमध्ये 26 चं जुनं सामान घेणं हीच सगळ्यात मोठी चूक मी पाहत आलोय.

कराडच्या दुकानदाराचं कोटेशन वाईट नाही हेही सांगतो. 5600G ला सहा कोर, बारा थ्रेड, डबाबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी, बोर्ड साधा, कुठलाही एसएमपीएस चालणारा, आणि बिघडलं तर दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. तुमच्याकडे 34,000 असते तर मी तेच घ्या म्हणालो असतो. 8,000 उसने काढून घ्यावं इतका फरक मात्र दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला पडणार नाही. त्याच माणसानं ‘बोर्ड आणि एसएमपीएस जुना लावून 26 मध्ये बसवतो’ असा मधला मार्ग सुचवला तर नको म्हणा. त्यात नेमकं चुकीच्या जागी जुनं येतं.

पुण्यात पैसे देताना साध्या पावतीवर का होईना, पण सर्व्हिस टॅग, प्रोसेसर, रॅम आणि ‘30 दिवस’ हे लिहून घ्या. टेस्टिंग वॉरंटीत पैसे परत मिळत नाहीत, वस्तू बदलून मिळते. तेव्हा ‘बदलून देऊ, नसेल तर पैसे’ एवढे शब्द घालता आले तर घाला. बरेच जण लिहून देतात, विचारलं तर.

आणि निघण्यापूर्वी घरातल्या मॉनिटरच्या मागं बघून त्या जागेचा फोटो काढून न्या. तिथं निळ्या रंगाचं पंधरा टाचण्यांचं व्हीजीएच असेल तर या डेलला ती जागा बहुधा नसणार, त्याला दोन डिस्प्लेपोर्ट असतात. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएचा कन्व्हर्टर तिथंच घ्या, आणि दुकानदाराला म्हणा, त्याच्या मॉनिटरवर याच कन्व्हर्टरनं चित्र दाखव.